काकूंचा नंबर दीड वर्षात तीनदा का वाढला: इंदूरची एक केस

मी इंदूरला एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या आधी पेशंट ज्याच्याकडे बसतो, अक्षरं वाचतो, "हे बरं का ते बरं" ऐकून वैतागतो, तो मीच. केस एका काकूंची आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय ६३, राजेंद्रनगरला राहतात, बँकेतून रिटायर, डायबेटिस १२ वर्षांपासून, गोळ्या चालू. आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "अरे, मला फक्त नंबर काढून दे, चष्मा मी राजवाड्याजवळच्या आमच्या नेहमीच्या दुकानातूनच करते."

दीड वर्षातला हा त्यांचा तिसरा नंबर. आधी लांबचा दोन्ही डोळ्यांत उणे ०.५० आणि वाचायला वरून २.५० ची अ‍ॅड, म्हणजे या वयाला अगदी साधा चष्मा. मग रात्री समोरच्या गाड्यांचे लाइट फुटल्यासारखे दिसायला लागले, टीव्हीवरची खालची पट्टी वाचता येईना, म्हणून दुकानात गेल्या, तिथे मशीनवर हनुवटी ठेवली, आत तो फुगा दिसला आणि कागद बाहेर आला: उजवा उणे १.५०, डावा उणे १.००. नवे प्रोग्रेसिव्ह ग्लास झाले, म्हणजे लांबचा आणि वाचायचा नंबर एकाच काचेत. आठेक महिन्यांनी परत तेच, "आंटीजी, नंबर बढ़ गया है", यावेळी उजवा उणे २.२५, डावा उणे १.५०. आणखी एक प्रोग्रेसिव्ह. मधल्या काळात घरात उलट आनंदीआनंद होता, कारण काकू चष्मा काढून पेपर वाचायला लागल्या होत्या आणि काका सगळ्यांना सांगत सुटले की हिचे डोळे सुधारले, रोज भिजवलेले बदाम खाते ना!

आता यात दुकानदाराने फसवलं वगैरे काही नाही, तो जे मशीनवर आलं तेच देत होता. पण साठीनंतर माइनस नंबर सारखा वाढत असेल आणि जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागलं असेल तर ते डोळे सुधारल्याचं लक्षण नसतं, ती बहुतेक वेळा मोतीबिंदूची सुरुवात असते. डोळ्यातली नैसर्गिक लेन्स मधोमध घट्ट व्हायला लागली की ती प्रकाश जास्त वळवते, डोळा मायोपिक होतो, म्हणजे लांबचं धूसर आणि जवळचं स्वच्छ, आणि उणे २.२५ च्या डोळ्याला साधारण ४४ सेंटिमीटरवरचं उघड्या डोळ्याने स्वच्छ दिसतं, म्हणजे नेमकं पेपर धरायचं अंतर. बदामाला श्रेय देऊ नका. त्यात डायबेटिस असेल तर आणखी एक घोळ, साखर वर गेली की लेन्समध्ये पाणी जाऊन नंबर हलतो आणि साखर खाली आली की परत हलतो, म्हणून साखर अस्थिर असताना काढलेला नंबर महिन्याभराने खोटा ठरू शकतो. काकूंचं तीन महिन्यांपूर्वीचं एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.९ होतं. दुकानात हे कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुकानाचं ते कामही नाही.

मशीनबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो कारण "कम्प्युटरने तपासलं" यावर लोकांचा फार विश्वास असतो. त्या मशीनला ऑटोरिफ्रॅक्टर म्हणतात, ते डोळ्यात प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून नंबरचा अंदाज काढतं, आमच्याकडेही आहे, आम्हीही रोज वापरतो, पण सुरुवात म्हणून. त्यावरून पुढे ट्रायल फ्रेम चढवून, एकेक डोळा झाकून, पाव-पाव नंबर वरखाली करत पेशंटच्या तोंडून उत्तर घ्यावं लागतं. आणि मशीन नंबर सांगतं, त्या नंबरने किती दिसतंय ते नाही सांगत. काकूंच्या दोन्ही जुन्या कागदांवर नंबर होता, पण तो चष्मा लावून तक्त्यावरची कुठली ओळ वाचता आली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते सगळ्या केसची किल्ली त्या न लिहिलेल्या ओळीत होती.

तर आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आधी नंबर नाही काढला, आधी चालू चष्मा लावून वाचायला लावलं. उजवा डोळा ६/२४, डावा ६/१२. (६/६ म्हणजे नॉर्मल, आणि ६/२४ म्हणजे नॉर्मल माणसाला २४ मीटरवरून जे ओळखू येतं ते यांना ६ मीटरवर यावं लागतं, एवढंच लक्षात ठेवा.) काकू एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "उजव्याने इतकं कमी आहे? मला कळलंच नाही." कळणार कसं, दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. एकेक डोळा हाताने झाकून समोरच्या कॅलेंडरकडे बघायला दहा सेकंद लागतात आणि घरी ते कोणीच करत नाही.

मग पिनहोल. काळी चकती, मध्ये साधारण एक-सव्वा मिलीमीटरचं भोक, त्यातून परत तोच तक्ता वाचायचा. बारीक भोकातून आलेल्या प्रकाशाला फोकसची फार गरज लागत नाही, म्हणून धूसरपणा नुसत्या नंबरचा असेल तर भोकातून ओळी पटापट सुधारतात. सुधारल्या नाहीत तर अडचण नंबरच्या पलीकडे आहे, लेन्समध्ये, पडद्यावर किंवा नसेत. ही टेस्ट शंभर टक्के नसते, लेन्सच्या अगदी मधोमध डाग असेल तर पिनहोलमधून उलट कमी दिसतं, पण पहिली वाट दाखवायला हिच्याइतकं स्वस्त काही नाही. काकूंचा डावा ६/१२ वरून ६/९ ला आला. उजवा ६/२४ वरून कसाबसा ६/१८, आणि तिथेच अडकला.

त्यानंतर नंबर काढला, सावकाश. उजव्याला उणे २.७५ दिला तर ६/१८, उणे ३.०० दिला तरी ६/१८, सिलिंडर फिरवून पाहिला तरी ६/१८. डाव्याला उणे १.७५ ने ६/९. म्हणजे नंबर खरंच वाढला होता, पण नवा चष्मा केला असता तरी उजव्याला पिनहोल दाखवत होतं तेवढंच दिसलं असतं, फक्त एक ओळ जास्त. काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, "मग लिहून दे ना उणे पावणेतीन." मी म्हटलं काकू, लिहून देतो पण चष्मा करू नका अजून, कारण सगळ्यात चांगल्या नंबरलासुद्धा डोळा ६/१८ वर थांबत असेल तर पुढचा प्रश्न माझा राहत नाही, तो डॉक्टर मॅडमचा आहे.

इथे जरा थांबून कोण काय हे सांगतो, कारण सोबत आलेल्या सूनबाईंनी नेमकं हेच विचारलं, "म्हणजे दादा, तुम्ही डॉक्टर नाही?" नाही. मी बी.ऑप्टम, चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. नजर मोजणं, नंबर काढणं, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणं, डोळ्याचं प्रेशर बघणं, मायक्रोस्कोपमधून पुढचा भाग बघून काहीतरी गडबड आहे एवढं ओळखणं आणि वेळेत पुढे पाठवणं, हे माझं. मॅडम एमबीबीएस करून वर तीन वर्षांचं एमएस, रोगाचं निदान, औषध, इंजेक्शन, लेझर, ऑपरेशन सगळं त्यांचं, आणि ऑपरेशन "करायचं की नाही" हेसुद्धा त्यांचं. दुकानातला ऑप्टिशियन म्हणजे चष्म्याचा माणूस, कागदावरचा नंबर घेऊन काच कुठली, फ्रेम कुठली, बाहुलीसमोर काचेचा कुठला बिंदू यायला हवा, कानावर दांडी कशी बसवायची, हे त्याचं. गंमत म्हणजे काकूंच्या केसमध्ये तिघांचंही काम निघालं, पुढे येतंच.

मग माझा स्लिट लॅम्प, म्हणजे तोच मायक्रोस्कोप. दोन्ही डोळ्यांत लेन्स पिवळट, मधोमध घट्ट, मोतीबिंदू मध्यम, डावा-उजवा जवळजवळ सारखा. प्रेशर १६ आणि १७, ठीक. आता विचार करा, मोतीबिंदू दोन्हीकडे सारखा, मग उजवा डोळा डाव्यापेक्षा दोन ओळी मागे का? मोतीबिंदू एवढंच कारण असतं तर दोघं साधारण बरोबरीने मागे पडले असते. मी फाइलवर तेच लिहिलं, "मोतीबिंदू सारखा, नजर असमान, १२ वर्षं डायबेटिस, पडदा बघावा", आणि काकूंना विचारलं की थेंब टाकून पडदा शेवटचा कधी तपासला. आठवून आठवून म्हणाल्या, पाचेक वर्षांपूर्वी एका कॅम्पमध्ये. डायबेटिस असलेल्याने हे वर्षातून एकदा करायचं असतं, टाइप २ मध्ये तर निदान झालं त्याच वर्षापासून, कारण साखर कळायच्या आधी किती वर्षं वाढलेली होती ते कोणालाच माहीत नसतं. आणि हे दिसत नाही म्हणून करायचं नसतं, व्यवस्थित दिसत असताना करायचं असतं. चष्म्याचा नंबर बदलणं आणि डायबेटिसची डोळ्यांची तपासणी, ही दोन वेगळी कामं आहेत, काकूंच्या डोक्यात ती एकच होती ("दरवर्षी तर डोळे दाखवते!") आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच असतात.

थेंब टाकले, बाहुली मोठी व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात काकूंनी पर्समधून अजून एक कागद काढला. महिन्याभरापूर्वी एके ठिकाणी दाखवलं होतं, तिथे सांगितलं होतं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे मल्टिफोकल लेन्स टाकून घ्या, चष्मा कायमचा जाईल, या महिन्यात बुक केलंत तर पॅकेजमध्ये सूट. कागदावर लेन्सचं नाव, रक्कम, अ‍ॅडव्हान्सचा आकडा, सगळं होतं. पडदा तपासल्याची एक ओळ नव्हती. मोतीबिंदू आहे हे त्यांनी खरंच सांगितलं होतं, त्यात चूक काही नाही. पण बारा वर्षांचा डायबेटिस, आणि पडदा न बघता ऑपरेशनची तारीख आणि वर मल्टिफोकल, हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आता कळेल.

मॅडमनी बघितलं तर उजव्या पडद्यावर लहान लहान लाल ठिपके आणि मधल्या भागाजवळ पिवळे कण, म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी, डायबेटिसने पडद्याचं होणारं नुकसान, आणि कण मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, इतके जवळ की तिथे सूज असण्याची दाट शक्यता. ओसीटी काढला, हा पडद्याचा आडवा छेद दाखवणारा स्कॅन, दुखत नाही, पाच मिनिटांत होतो. पडद्याच्या मधोमध जाडी नॉर्मलला साधारण २५०-२७० मायक्रॉन असते, मशीनप्रमाणे थोडा फरक पडतो. काकूंच्या डाव्याची २६६, उजव्याची ४०८. डाव्यात ठिपके होते पण मध्ये सूज नव्हती. उजव्या डोळ्याच्या हरवलेल्या ओळी इथे सापडल्या.

मॅडमनी काकूंना जे सांगितलं ते मी बाजूला उभा राहून ऐकलं, आणि मला वाटतं ऑपरेशनचा निर्णय कसा घेतात ते यातून जितकं कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही. म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, काढायचा पण आहे, पण आत्ता नाही. आत सूज असताना ऑपरेशन केलं तर सूज वाढू शकते, आणि ऑपरेशन कितीही छान झालं तरी तुम्हाला नीट दिसणार नाही, मग तुम्ही म्हणाल ऑपरेशन बिघडलं." काकूंनी विचारलं की मोतीबिंदू पिकू द्यायचा का मग, आमच्या सासूबाईंचा पिकू दिला होता. तर नाही, ते जुन्या पद्धतीचं झालं, आता पिकायची वाट बघत नाहीत, फार पिकला तर लेन्स दगडासारखी कडक होते, फोडायला जास्त ताकद लागते, कधी लेन्स फुगून प्रेशर चढतं. कामात अडचण यायला लागली, रात्री गाडी चालवता येईना, वाचता येईना, आणि चष्म्याने भागत नाही, की काढायचा. काकूंच्या बाबतीत थांबायचं कारण पिकणं हे नव्हतंच, पडदा होता.

आणि मल्टिफोकल? ही लेन्स येणारा प्रकाश लांब आणि जवळ असा वाटून टाकते, प्रत्येक अंतराला थोडा थोडा. पडदा धडधाकट असेल तर मेंदू ते जमवून घेतो. पडदाच आजारी असेल तर आधीच कमी झालेला कॉन्ट्रास्ट अजून कमी होतो, संध्याकाळी पायऱ्या कळत नाहीत, लाइटभोवती कडी दिसतात, आणि एकदा बसवलेली लेन्स काढून बदलणं म्हणजे अजून एक ऑपरेशन. डायबेटिक मॅक्युला असलेल्या डोळ्यात म्हणून साधी मोनोफोकल बरी, लांबचं स्वच्छ, वाचायला चष्मा. काकूंचा चेहरा पडला, चष्मा जाणार म्हणून त्या खुश होत्या. सूनबाई म्हणाल्या, "आई, पस्तीस वर्षं चष्मा लावताय, आता कशाला जीव अडकलाय त्यात."

प्लॅन असा ठरला: साखरेसाठी फिजिशियनकडे परत, सूज उतरवायला उजव्या डोळ्यात महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, मग परत ओसीटी, मग मोतीबिंदू, आणि नवा चष्मा आत्ता नाही. इंजेक्शन "डोळ्यात" ऐकलं की सगळ्यांना घाम फुटतो, म्हणून सांगतो, बधिर करायचे थेंब, आयोडीनने सफाई, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलीमीटर मागे पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुई, काही सेकंद. पांढऱ्यावर लाल डाग पडला तर घाबरायचं नाही, तो जातो. मात्र पुढच्या काही दिवसांत डोळा दुखायला लागला, लाली वाढत गेली, नजर खाली आली, तर फोन करून थेट डॉक्टर, रात्र असली तरी, इन्फेक्शनची शक्यता असते. तेव्हा माझ्याकडे किंवा दुकानात "जरा बघा" म्हणून येऊ नये.

आता तिसरा माणूस. काकूंची एक तक्रार अजून राहिली होती जी त्यांनी जाता जाता सांगितली, की नवीन चष्म्याने मोबाइल वाचायला हनुवटी वर करावी लागते, मान दुखते. त्या म्हणाल्या हेही मोतीबिंदूनेच असेल. मला तसं वाटलं नाही. प्रोग्रेसिव्ह काचेत वरती लांबचा नंबर, खाली वाचायचा, मध्ये हळूहळू बदलणारी अरुंद गल्ली, आणि काचेवरचा फिटिंगचा क्रॉस बरोबर बाहुलीसमोर यायला लागतो. क्रॉस खाली बसला तर लांबचं ठीक दिसतं पण वाचायचा भाग फार खाली जातो, मग माणूस हनुवटी उचलून त्याला शोधतो. वर बसला तर उलटं, समोर बघतानाच वाचायचा नंबर मध्ये येतो आणि हनुवटी खाली करावी लागते. हनुवटी कुठे जातेय ते बघून अर्धं निदान होतं.

राजवाड्याजवळच्या त्या दुकानात काकू परत गेल्या, मी चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या होत्या. मालक वयस्कर, हाडाचा चष्मेवाला. त्याने काच उजेडात तिरकी धरून कोरलेल्या बारीक खुणा शोधल्या (प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर दोन असतात, सहज दिसत नाहीत), कंपनीच्या तक्त्यावर ठेवून क्रॉस परत काढला, चष्मा काकूंच्या नाकावर चढवला आणि समोर बसून बघितलं. क्रॉस बाहुलीच्या चार मिलीमीटर खाली. फ्रेम मेटलची, नाकावर पॅडवाली, म्हणून त्याने पॅड आत दाबून फ्रेम जवळजवळ तीन मिलीमीटर वर उचलली, दांड्या कानामागे घट्ट केल्या, पैसे घेतले नाहीत. मान दुखायची थांबली. प्लास्टिकची एकसंध फ्रेम असती तर हे झालं नसतं, काच परत करावी लागली असती. म्हणजे काकूंच्या "नीट दिसत नाही" मधला एक तुकडा खरोखर दुकानाचाच होता, आणि तो आम्ही दोघं क्लिनिकमध्ये बसून कधीच सोडवू शकलो नसतो. प्रोग्रेसिव्ह ऑनलाइन मागवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, बाहुलीची उंची फ्रेम चेहऱ्यावर चढवूनच मोजावी लागते.

त्याच दिवशी सूनबाईंनी घरातल्या सगळ्यांचं विचारून घेतलं. त्यांचं स्वतःचं, वय ४१, मोबाइल लांब धरावा लागतो, संध्याकाळी डोकं दुखतं: माझ्यासारख्याकडे आधी या, चाळिशीचा नंबर असणार, आणि चाळिशीला एकदा प्रेशर आणि पडद्यासकट पूर्ण तपासणी डॉक्टरांकडेही करून टाका, घरात काचबिंदू कोणाला असेल तर नक्कीच. सात वर्षांचा मुलगा टीव्हीजवळ जातो: त्याला दुकानातल्या मशीनवर नाही बसवायचं, लहान मुलं फोकस करून मशीनला फसवतात, थेंब टाकून नंबर काढावा लागतो, म्हणून ऑप्टोमेट्रिस्ट आणि डॉक्टर दोघं आहेत अशा ठिकाणी. तिरळेपणा वाटला, एक डोळा दुसऱ्यापेक्षा कमी वाटला, तर उशीर नको, आळशी डोळा लहानपणीच सुधारतो. फ्रेम वाकली, काचेवर ओरखडे, नाकावर वळ: थेट दुकान. आणि मग त्यांनी विचारलं की थेट मॅडमकडे कधी यायचं, मधे कुठेही न थांबता.

थेट, त्याच दिवशी: नजर अचानक गेली किंवा एकदम कमी झाली, वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं आणि काळे ठिपके अचानक वाढले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, डोळा लाल होऊन दुखतोय आणि लाइटभोवती रंगीत कडी दिसताहेत, उलटी होतेय, एकाचे दोन दिसायला लागले, मार लागला. चुना, अ‍ॅसिड, फिनाइल काही उडालं तर आधी तिथेच नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, मग निघा. महिनोन्‌महिने हळूहळू आलेलं धूसर, दुखत नाही, डायबेटिस नाही, तर आधी ऑप्टोमेट्रिस्ट चालतो, पण असा जो नजर मोजून लिहितो आणि चष्म्याने पूर्ण दिसत नसेल तर पुढे पाठवतो. दुकानातही चांगले ऑप्टोमेट्रिस्ट बसतात, मी स्वतः सुरुवातीला बसलोय, फक्त विचारा की कागदावर नजर लिहून देणार का. ६/६ येत नसेल आणि तो नुसता नंबरच वाढवत असेल तर उठा.

काकूंचं पुढे काय झालं. पहिल्या इंजेक्शननंतर जाडी ४०८ वरून ३५१, तिसऱ्यानंतर २८८. नजर सगळ्यात चांगल्या नंबरने ६/१८ वरून ६/१२. एचबीए१सी ७.४ वर आलं, यात फिजिशियनचा जेवढा वाटा तेवढाच सूनबाईंचा, सकाळच्या पोह्यांबरोबरची जिलेबी त्यांनी बंद केली. साखर खाली आली तसा उजवा नंबरही पाव डायऑप्टरने हलला, मी तेव्हा चष्मा करू दिला असता तर तो फुकट गेला असता. मग सूज दोन भेटींत स्थिर राहिली हे बघून मॅडमनी उजव्याचं ऑपरेशन ठरवलं. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलवा मोजून लेन्सची पॉवर काढतात, ते मोजमाप मीच केलं, दोनदा, आणि दोन्ही डोळ्यांचं, कारण दोन्हींच्या लांबीत फार फरक आला तर मोजण्यात चूक झाली का ते बघायला लागतं. मोनोफोकल बसली. ऑपरेशनच्या वेळी आणि नंतरही ओसीटी चालू राहिला, सूज परत येते का ते बघायला, डायबेटिसमध्ये ते सोडता येत नाही. साधारण दीड महिन्याने उजवा डोळा जवळजवळ बिननंबरचा, ६/९. ६/६ नाही आलं, पडद्याचं जे नुकसान झालं होतं त्यातलं थोडं राहिलं, आणि मॅडमनी ते आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून कोणी भांडायला आलं नाही.

आता नवीनच अडचण. उजवा शून्याच्या आसपास, डावा उणे १.७५, दोन डोळ्यांत पावणेदोनचा फरक. चष्मा लावला की दोन्हींची प्रतिमा किंचित लहान-मोठी, जिना उतरताना काकूंना पहिले काही दिवस गरगरलं. एवढा फरक बहुतेकांना चालून जातो, तीनच्या पुढे गेला की फार थोड्यांना जमतं. डाव्यात मोतीबिंदू आहेच, चष्म्याने ६/९ येतंय, रात्रीच्या लाइटचा त्रास आहे, पण काकू रात्री गाडी चालवत नाहीत. मॅडम म्हणाल्या डावा आत्ता करा किंवा सहा महिन्यांनी करा, दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा, पडदा मात्र दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचा. काकूंनी दिवाळीनंतरचं ठरवलं, घरात एक लग्न आहे.

तोवर चष्म्याचं काय, तर प्रोग्रेसिव्ह नको म्हटलं, डाव्याचं ऑपरेशन झालं की तो नंबर परत बदलणार आणि पैसे पाण्यात जाणार. जुन्याच फ्रेममध्ये लांबची साधी काच, उजवा शून्य, डावा उणे १.७५. आणि वाचायला वेगळा स्वस्तातला चष्मा, उजवा अधिक २.५०, डावा अधिक ०.७५. दुकानदाराने दोन्ही डोळ्यांना असे वेगवेगळे नंबर बघून मला फोन करून खात्री करून घेतली, मग केला.